दोन आकड्यांची वजाबाकी आणि मंदीची वर्दी

१४ ऑगस्ट २०१९ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजारात डाऊ जोन्स निर्देशांक ८०० अंकांनी, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांनी, कोसळला. त्या वर्षातली ती एका दिवसाची सर्वांत मोठी घसरण होती. कारण म्हणून सगळीकडे एकच गोष्ट सांगितली गेली: अमेरिकी सरकारच्या १० वर्षांच्या रोख्यावरचे यील्ड २ वर्षांच्या रोख्याच्या यील्डखाली गेले, यील्ड कर्व्ह उलटा झाला, आता मंदी येणार.

त्या दिवसाचा अमेरिकी अर्थखात्याचा अधिकृत आकडा मात्र वेगळाच आहे. १० वर्षांचे यील्ड १.५९ टक्के, २ वर्षांचे १.५८ टक्के. फरक अधिक १ बेसिस पॉइंट, म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग. अधिकृत दैनंदिन आकडेवारीनुसार त्या दिवशी कर्व्ह उलटा झालाच नव्हता. सौदे चालू असताना तो काही वेळ शून्याखाली गेला आणि दिवसअखेर परत वर आला. अधिकृत नोंदीत फरक ऋण झाला तो २७ ऑगस्टला, उणे ४ बेसिस पॉइंट. २८ आणि २९ तारखेला उणे ३, आणि ३० तारखेला बरोबर शून्य.

म्हणजे रोजच्या आकड्यांवर चालणारी इशारा-यंत्रणा कोणी लावली असती, तर ती १४ तारखेला गप्प बसली असती, २७ ला वाजली असती आणि ३० ला बंद झाली असती. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेची अर्थव्यवस्था शिखरावरून खाली आली, पण ती महासाथीमुळे. मग या यंत्रणेला पास करायचे की नापास? वजाबाकी दोन ओळींत होते. अडचण पुढे सुरू होते: कोणते आकडे घ्यायचे, किती दिवस थांबायचे, आणि इशारा संपला असे कधी म्हणायचे.

आधी आकडे म्हणजे नेमके काय ते पाहू. टीव्हीच्या पट्टीवर दिसणारे ‘१० वर्षांचे यील्ड’ बहुतेक वेळा सर्वांत अलीकडे विकल्या गेलेल्या एका विशिष्ट रोख्याचे असते. अर्थखाते रोज प्रसिद्ध करते तो आकडा कोणत्याही एका रोख्याचा नसतो. न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँक रोज दुपारी साडेतीनच्या सुमारास बाजारातले भाव गोळा करते. त्यांवरून एक सलग वक्र आखला जातो आणि त्या वक्रावर बरोबर २ वर्षे, बरोबर १० वर्षे अशा मुदतींना काय यील्ड येते ते वाचले जाते. न्यूयॉर्कमधले साडेतीन म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचा एक आणि हिवाळ्यात दोन. सेंट लुई फेडच्या ‘फ्रेड’ या आकडेवारीच्या भांडारात हेच आकडे DGS2 आणि DGS10 या नावांनी साधारण पुढच्या कामाच्या दिवशी चढतात. फरक आयता हवा असेल तर T10Y2Y ही मालिका आहे. ती जून १९७६ पासून सुरू होते.

दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे घ्यावेत, हा नियम इथे काटेकोरपणे पाळावा लागतो. फरक उणे ८० बेसिस पॉइंट असताना एक-दोन पॉइंटांची सरमिसळ खपून जाते. पण इशारा वाजतो तो शून्याच्या आसपास, आणि तिथे एक आकडा एका दलालाच्या पडद्यावरचा आणि दुसरा अर्थखात्याचा घेतला की कर्व्ह बाजारात उलटा न होताही तुमच्या तक्त्यात उलटा होतो.

आता यील्ड उलटे का होते? कागदावर एक हिशेब मांडला की बरेचसे उलगडते. समजा, मध्यवर्ती बँकेचा दर आज ५ टक्के आहे आणि बाजाराला वाटते की तो वर्षभर तिथेच राहील, मग ३ टक्क्यांवर येऊन तिथे स्थिरावेल. २ वर्षांच्या मुदतीत या दराची सरासरी ४ टक्के होते. १० वर्षांच्या मुदतीत एक वर्ष ५ टक्के आणि नऊ वर्षे ३ टक्के, म्हणजे सरासरी ३.२ टक्के. दीर्घ मुदतीसाठी पैसे अडकवणाऱ्याला थोडा जादा मोबदला लागतो. तो अर्धा टक्का धरा. झाले ३.७ टक्के. फरक उणे ३० बेसिस पॉइंट.

या हिशेबात ‘मंदी’ कुठेच आलेली नाही. आली आहे ती फक्त दरकपातीची अपेक्षा. दर साधारणपणे अर्थव्यवस्था घसरली की कापले जातात, म्हणून उलटा कर्व्ह मंदीची वर्दी ठरतो. पण दर दुसऱ्या कारणानेही कापले जातात: महागाईसाठी वर नेलेले दर महागाई उतरल्यावर खाली आणायचे असतात. या दोन कारणांतला भेद दोन आकड्यांच्या वजाबाकीत दिसू शकत नाही. २०२२ नंतर जे घडले त्याचे मूळ इथे आहे.

त्याआधी जुना हिशेब. खालच्या तक्त्यात १०-२ फरक प्रथम ऋण झाल्याचा महिना आहे आणि पुढे अमेरिकेत मंदी सुरू झाल्याचा महिना आहे. मंदीच्या तारखा नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेच्या.

| फरक ऋण | मंदीची सुरुवात | अंतर (महिने) |
|---|---|---|
| ऑगस्ट १९७८ | जानेवारी १९८० | १७ |
| सप्टेंबर १९८० | जुलै १९८१ | १० |
| डिसेंबर १९८८ | जुलै १९९० | १९ |
| फेब्रुवारी २००० | मार्च २००१ | १३ |
| डिसेंबर २००५ | डिसेंबर २००७ | २४ |
| ऑगस्ट २०१९ | फेब्रुवारी २०२० | ६ |
| एप्रिल २०२२ | जाहीर झालेली नाही | – |

एवढ्यावरच या संकेताची कीर्ती उभी आहे. जवळजवळ अर्ध्या शतकाची रोजची आकडेवारी म्हणजे हजारो नोंदी. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने नोंदी सातच. त्यातली २०१९ ची महासाथीमुळे वादग्रस्त, २०२२ ची फसलेली. १९९८ च्या उन्हाळ्यातही फरक काही दिवस किंचित ऋण झाला होता. तो तक्त्यात घेतलेला नाही, कारण त्यानंतरची मंदी जवळपास पावणेतीन वर्षांनी आली. कोणी म्हणेल की तोही धरा. मी म्हणेन, जरूर धरा, आणि मग अंतराचा पल्ला ६ ते ३३ महिने होतो हेही लिहा. एवढ्या रुंद पल्ल्याच्या इशाऱ्यावर कोणी शेअर विकायची तारीख ठरवू नये.

आणखी एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही. मंदी सुरू झाल्याचे त्या वेळी कोणालाच माहीत नसते. डिसेंबर २००७ ही तारीख त्या संस्थेने जाहीर केली १ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे वर्षभराने. तोवर लेहमन ब्रदर्स बुडून अडीच महिने झाले होते. म्हणून इशारा खरा ठरला की खोटा, हे तपासायलाही एखादे वर्ष थांबावे लागते.

आता यंत्रणा बांधू. सर्वांत साधा नियम असा: फरक शून्याखाली गेला की इशारा, वर आला की बंद. या नियमाची परीक्षा २०२२ च्या वसंतात झाली असती. ३१ मार्चला फरक अधिक ४ बेसिस पॉइंट होता. १ एप्रिलला १० वर्षांचे यील्ड २.३९ आणि २ वर्षांचे २.४४, फरक उणे ५. ४ एप्रिलला, म्हणजे पुढच्या कामाच्या दिवशी, उणे १. ५ तारखेला परत धन. दोन दिवसांचा इशारा आणि मग तीन महिने शांतता. २००५ च्या अखेरीपासून २००६ च्या मध्यापर्यंत तर फरक शून्याभोवती इतका घुटमळत होता की असा नियम लावलेल्या माणसाने वैतागून ईमेल बंद केले असते. आणि बंद केलेला इशारा नसलेल्या इशाऱ्याइतकाच निरुपयोगी.

उपाय म्हणजे चिकाटीची अट. सलग १० कामाचे दिवस फरक ऋण राहिला तरच इशारा चालू, आणि सलग १० दिवस धन राहिला तरच बंद. दहाच का? त्याला शास्त्र नाही. दोन आठवड्यांत एखादी बातमी पचते आणि महिनाअखेरच्या खरेदी-विक्रीचा धक्का विरतो, एवढाच व्यावहारिक हिशेब. पाच ठेवले तर इशारे वाढतात, वीस ठेवले तर उशीर वाढतो. दहा ठेवल्याची किंमतही उघड सांगायला हवी: ऑगस्ट २०१९ चे तीन ऋण दिवस या चाळणीतून गळून पडतात.

हे सगळे इतक्या ओळींत बसते:

```python
import pandas as pd

url = "https://fred.stlouisfed.org/graph/fredgraph.csv?id=DGS2,DGS10"
d = pd.read_csv(url, index_col=0, parse_dates=True, na_values=".")
d = d.dropna()
bp = ((d["DGS10"] * 100).round()
      - (d["DGS2"] * 100).round())

N, on, run = 10, False, 0
for day, s in bp.items():
    hit = s > 0 if on else s < 0
    run = run + 1 if hit else 0
    if run == N:
        on, run = not on, 0
        print(day.date(), "ON" if on else "OFF", s)
```

यातल्या दोन ओळी वरवर फालतू वाटतात, पण त्या काढल्या की यंत्रणा गुपचूप चुकते. पहिली `dropna()`. फ्रेडच्या फाइलमध्ये अमेरिकी सुट्टीच्या दिवसाचीही ओळ असते, फक्त तिच्यात आकडा नसतो. ती ओळ ठेवली, तर रिकाम्या जागेची शून्याशी तुलना केल्यावर संगणक ‘नाही’ असे उत्तर देतो, आणि सलग दिवसांची मोजणी शून्यावर येते. सप्टेंबर २०२२ मध्ये कर्व्ह चांगलाच उलटा होता. तरी तेव्हा सलग ऋण दिवसांची मोजणी चालू असती, तर ५ तारखेच्या कामगार दिनाच्या सुट्टीने ती तुटली असती आणि ६ तारखेला परत एकपासून सुरू झाली असती. काही जण यावर उपाय म्हणून आदल्या दिवसाचा आकडा पुढे ओढतात. त्याने मोजणी तुटत नाही, पण बाजार बंद असलेला दिवसही ‘उलटा दिवस’ म्हणून मोजला जातो. सुट्टीची ओळ काढून टाकणे हेच सरळ.

दुसरी ओळ टक्क्यांचे पूर्णांक बेसिस पॉइंट करणारी. समजा, तुम्ही उंबरठा शून्याऐवजी उणे ०.०५ टक्के ठेवला: तेवढा किंवा त्याहून खाली गेला तर कळवा. १ एप्रिल २०२२ चा फरक बरोबर उणे ०.०५ आहे, म्हणजे इशारा यायला हवा. संगणक काय म्हणतो पाहा:

```
>>> 2.39 - 2.44
-0.04999999999999982
>>> 2.39 - 2.44 <= -0.05
False
```

दशांश संख्या संगणकात द्विमान पद्धतीने साठवल्या जातात आणि २.३९ तिथे नेमकी बसत नाही. शेपटीतली ती क्षुल्लक चूक उंबरठ्यावर येऊन बसते आणि त्या दिवशीचा इशारा गिळते. अधिकृत आकडे दोनच दशांश स्थळांचे असतात, म्हणून शंभराने गुणून पूर्णांक केले की प्रश्न मिटतो: २३९ वजा २४४, उणे ५.

आता हाच नियम २०२२ च्या उन्हाळ्यावर चालवू. ५ जुलैला दोन्ही यील्ड २.८२, फरक शून्य. ६ जुलैला १० वर्षांचे २.९३, २ वर्षांचे २.९७, फरक उणे ४. इथून मोजणी सुरू. ७ तारखेला उणे २, ८ ला उणे ३. अजून कोणीही ‘एप्रिलसारखेच होईल’ म्हणाला असता. ११ ला उणे ८. १३ जुलैला अमेरिकेच्या महागाईचा ९.१ टक्क्यांचा आकडा आला आणि फरक उणे २० च्या पलीकडे गेला. मधे एकही सुट्टी नाही, त्यामुळे दहावा दिवस येतो १९ जुलै. त्या दिवशी यंत्रणा ‘चालू’ म्हणते. साध्या नियमाच्या मानाने नऊ कामाचे दिवस उशीर, आणि त्या बदल्यात एप्रिलचा खोटा इशारा टळला. संकेताचा पल्लाच वर्ष-दोन वर्षांचा असताना नऊ दिवस म्हणजे काहीच नाहीत.

त्यानंतर फरक खोलात जात राहिला. फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ मध्ये शून्याजवळून दर वाढवायला सुरुवात केली होती आणि जुलै २०२३ पर्यंत ते ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले. ३ जुलै २०२३ रोजी २ वर्षांचे यील्ड ४.९४ आणि १० वर्षांचे ३.८६, फरक उणे १०८. एवढा मोठा उलटेपणा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर दिसला नव्हता. (मालिकेतला तळ मात्र मार्च १९८० चा आहे, उणे २४१. त्या मानाने १०८ ही मवाळच म्हणायची.)

पण या काळातला सर्वांत शिकण्यासारखा आठवडा जुलैचा नाही, मार्च २०२३ चा आहे. ८ मार्चला २ वर्षांचे यील्ड ५.०५ आणि १० वर्षांचे ३.९८, फरक उणे १०७. १० मार्चला, शुक्रवारी, कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली बँक नियामकांनी बंद केली. सोमवारी १३ मार्चला २ वर्षांचे यील्ड ४.०३, १० वर्षांचे ३.५५, आणि फरक उणे ४८. तीन कामाच्या दिवसांत फरक ५९ बेसिस पॉइंटांनी ‘सुधारला’.

फक्त फरकाचा आलेख पाहणाऱ्याला वाटले असते की ताण निवळतो आहे. प्रत्यक्षात अमेरिकेतली त्या काळातली सर्वांत मोठी बँक-पडझड चालू होती. फरकातला बदल म्हणजे १० वर्षांच्या यील्डमधला बदल वजा २ वर्षांच्या यील्डमधला बदल. इथे १० वर्षांचे ४३ ने घसरले आणि २ वर्षांचे तब्बल १०२ ने. उणे ४३ वजा उणे १०२, म्हणजे अधिक ५९. फरक वर आला कारण छोट्या मुदतीचा पाय खाली कोसळला. गुंतवणूकदार घाबरून २ वर्षांच्या रोख्यांकडे धावले आणि फेड आता दर कापेल असे धरून चालले. याच्या उलट, ऑक्टोबर २०२३ मध्ये फरक वर आला तेव्हा १० वर्षांचे यील्ड ५ टक्क्यांकडे चढत होते. दोन्ही वेळी आलेख वर जातो, पण पहिल्या वेळी त्याचा अर्थ भीती असतो आणि दुसऱ्या वेळी दीर्घ मुदतीचे कर्ज महागणे. म्हणून माझ्या मते इशाऱ्यात फरक एकटा छापूच नये. त्याच्या शेजारी गेल्या पाच दिवसांत कोणता पाय किती हलला, हे दोन आकडे असायलाच हवेत. फरकाची एक टिकली हिरवी-लाल करून दाखवणारे फलक मला म्हणूनच धोकादायक वाटतात.

हीच अडचण इशारा संपण्याच्या वेळी मोठी होते. ‘बंद’ या शब्दाने वाचणाऱ्याला हायसे वाटते. पण इतिहास काय सांगतो? २००० साली उलटा झालेला कर्व्ह डिसेंबर अखेरीस सरळ झाला. मार्च २००१ मध्ये मंदी सुरू झाली. २००७ च्या जूनमध्ये फरक धन झाला; डिसेंबरमध्ये महामंदी म्हणून ओळखली गेलेली घसरण सुरू झाली. म्हणजे या दोन्ही वेळी मंदी उलट्या कर्व्हच्या पोटात नव्हे, तो सरळ झाल्यानंतर सुरू झाली. कारण वरच्याच हिशेबात आहे: अर्थव्यवस्था प्रत्यक्ष घसरायला लागली की दरकपात जवळ येते, २ वर्षांचे यील्ड आधी आणि जास्त पडते, आणि कर्व्ह सरळ होतो. यंत्रणेत ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोनच अवस्था ठेवल्या तर ती नेमकी वाईट वेळी ‘बंद’ म्हणेल. तिसरी अवस्था हवी: ‘सरळ झाला, नजर ठेवा’. ती बंद झाल्याच्या दिवसापासून किमान वर्षभर चालू ठेवावी आणि त्या काळात २ वर्षांच्या यील्डच्या घसरणीवर लक्ष असावे.

ताजे उदाहरण २०२४ चे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फरक शून्यापाशी आला आणि ६ सप्टेंबरला १० वर्षांचे यील्ड ३.७२, २ वर्षांचे ३.६६, म्हणजे अधिक ६ झाला. सलग दहा धन दिवसांचा नियम १९ सप्टेंबरला पुरा होतो. आदल्याच दिवशी, १८ ला, फेडने एकदम अर्ध्या टक्क्याची कपात केली होती. जवळपास २६ महिन्यांचा हा उलटेपणा मालिकेतला सर्वांत लांब. आणि मंदी? ती आली नाही. महागाई ९ टक्क्यांवरून ३ च्या आसपास उतरली, लोकांच्या नोकऱ्या बहुतांशी टिकल्या, आणि फेडने दर कापले ते मुख्यतः महागाई आवाक्यात आली म्हणून. कर्व्हने दरकपातीचे भाकीत अचूक केले होते. मंदीचे भाकीत आपण त्याला चिकटवले होते.

मुदतींची निवडही गंभीरपणे करायला हवी. वर्तमानपत्रांचा लाडका फरक १० आणि २ वर्षांचा. अभ्यासकांचा बराचसा पाया मात्र १० वर्षे आणि ३ महिने या जोडीवर उभा आहे. न्यूयॉर्क फेडमध्ये आर्तुरो एस्ट्रेला आणि फ्रेडरिक मिश्किन यांनी १९९६ साली याच जोडीवरून वर्षभरानंतरच्या मंदीची शक्यता काढण्याचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात फरक शून्याला टेकला तेव्हा शक्यता साधारण २५ टक्के येते. ५० टक्के व्हायला फरक उणे ०.८२ टक्के लागतो. शून्य ही काही जादूची रेघ नाही, हे त्या तक्त्यावरून चांगले समजते. तो तक्ता १०-२ च्या फरकाला मात्र लावू नये.

दोन जोड्या किती वेगळे बोलू शकतात ते १ एप्रिल २०२२ रोजीच पाहा. १०-२ चा फरक उणे ५, म्हणून मथळे झळकले. त्याच दिवशी ३ महिन्यांच्या बिलावरचे यील्ड अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते, म्हणजे १०-३ महिन्यांचा फरक पावणेदोन टक्क्यांहून अधिक धन. एक जोडी लाल, दुसरी निर्धास्त हिरवी. दोन्ही बरोबर होत्या. २ वर्षांच्या यील्डमध्ये फेडची येऊ घातलेली दरवाढ आधीच धरलेली होती. ३ महिन्यांच्या बिलात फक्त पुढच्या तिमाहीचा काळ होता. ती जोडी उलटायला ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ उजाडले. दोन्ही जोड्या लावाव्यात आणि दोघी सहमत नसतील तर तसे लिहावे, एवढेच मी म्हणेन.

मग हेच भारतीय सरकारी रोख्यांवर लावावे का? यंत्रणा तीच चालते; दैनंदिन आकडे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही मुंबईतली संस्था मुदतवार प्रसिद्ध करते, आणि पडद्यावरच्या ‘१० वर्षांच्या बेंचमार्क’ रोख्याऐवजी तेच घ्यावेत. नवा बेंचमार्क रोखा आला की पडद्यावरचा आकडा काही बेसिस पॉइंटांनी उडी मारतो, बाजारात काहीही न घडता. अवघड आहे ते अर्थ लावणे.

१५ जुलै २०१३ ची रात्र घ्या. अमेरिकी फेड रोखेखरेदी आवरती घेणार या धास्तीने रुपया घसरत होता. रिझर्व्ह बँकेने बँकांना तातडीने पैसे देण्याच्या सोयीचा, म्हणजे एमएसएफचा, दर ८.२५ वरून थेट १०.२५ टक्क्यांवर नेला आणि रोजच्या उसनवारीवर मर्यादा घातली. ऑगस्टमध्ये ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचे यील्ड ११ टक्क्यांच्या वर होते, तर १० वर्षांचे रोखे ९ टक्क्यांच्या आसपास. अमेरिकी चष्म्यातून पाहिले तर ही मंदीची घंटा. प्रत्यक्षात तो रुपया वाचवण्यासाठी मुद्दाम घातलेला पैशाचा दुष्काळ होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीन पायऱ्यांत एमएसएफ दर ८.७५ वर आला, छोट्या मुदतीची यील्ड उतरली, आणि त्यामागोमाग भारतात मंदी आली नाही.

शिवाय आपल्याकडे बँकांना ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो, आणि विमा कंपन्या व भविष्य निर्वाह निधी दीर्घ मुदतीचे रोखे घेतच राहतात. अशा बांधील गिऱ्हाइकांमुळे १० वर्षांच्या यील्डमध्ये भविष्याच्या अंदाजापेक्षा मागणीचा वाटा मोठा असतो. भारतासाठी इशारा लावायचाच तर त्याला मंदीचा म्हणू नये. १०-३ महिन्यांचा फरक उलटला की ‘रोकड आवळली आहे’ एवढेच कळवावे, आणि सोबत त्या दिवशी बँकांनी रिझर्व्ह बँकेकडून किती उसने घेतले तो आकडा द्यावा. रिझर्व्ह बँक तो रोज प्रसिद्ध करते.